वजा चिन्ह गेलं कुठे?

सेकंड इयरला असताना आमच्या होस्टेलच्या एकाच मजल्यावरच्या सात जणींनी एका युनिट टेस्टमध्ये अगदी सारखीच चूक केली. ओव्हरहँगिंग बीमचा प्रश्न होता. सातही जणींच्या बेंडिंग मोमेंट डायग्रॅममध्ये सपोर्टवरचा मोमेंट +30 होता, आणि पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शरपुढे सगळ्यांनी ‘नाही’ असं लिहिलं होतं. सरांनी सातही पेपर टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, "कोणी कोणाचं बघून लिहिलं?"

कोणीच कोणाचं बघितलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी आदल्या रात्री एकाच पीडीएफवरून अभ्यास केला होता, एवढंच. ती पीडीएफ एका पासआउट झालेल्या ताईंच्या वहीची. ताई न्यूमेरिकल्स शिसपेन्सिलीने सोडवायच्या, तेही हलक्या हाताने. वही तीन-चार बॅचेस हातोहात फिरली आणि अक्षर आणखी पुसट झालं. मग आमच्यापैकी एकीने (नाव सांगत नाही, ती मीच!) रात्री ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढले. हाताची सावली अर्ध्या पानावर पडली होती. स्कॅनर ॲपने ते पान ‘साफ’ करून काळं-पांढरं करून दिलं आणि मी ते ग्रुपवर टाकून दिलं.

सरांपुढे गप्प उभं राहणं तेवढं शक्य होतं. पण नंतर मी मूळ वही शोधून काढली आणि पान खिडकीपाशी नेऊन तिरपं करून बघितलं. तिथे 30 च्या मागे काहीतरी होतं. ते वजा चिन्ह आहे की वहीची छापील रेघ, हे मात्र डोळ्यांनी सांगता येईना. त्या एका चिन्हासाठी मी पुढचे चार दिवस जे शिकले ते इथे लिहिते आहे. थोडक्यात सांगायचं तर, पुसट पान आधी वाचायला घ्यायचं नसतं. आधी प्रकाश सारखा करायचा, मग पेन्सिल उठवायची, आणि वाचायचं सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की डोळा अंदाज करतो, आणि एकदा केलेला अंदाज मग खरा वाटायला लागतो.

सावली वजा होत नाही, ती गुणली जाते

ॲपने नेमकी चूक काय केली ते आधी बघू. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला म्हणजे पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. समजा उजेडातला कोरा कागद २२० आहे आणि हलकी पेन्सिल कागदाच्या ९० टक्के उजळ दिसते, म्हणजे १९८. आता त्याच पानाच्या सावलीतल्या भागात उजेड निम्मा आहे. तिथे कागद ११० आणि पेन्सिल ९९.

आता एकच सीमा ठरवून ‘याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं’ असं करून बघा. सीमा १५० ठेवली तर सावलीतला कागदसुद्धा काळा होतो. सीमा १०५ ठेवली तर सावलीतली पेन्सिल दिसते, पण उजेडातली १९८ वाली पेन्सिल पांढरी होऊन गायब! दोन्हीकडे चालेल असा आकडाच अस्तित्वात नाही, कारण सावलीतला कागद उजेडातल्या पेन्सिलीपेक्षा काळा आहे. माझ्या पीडीएफमध्ये नेमकं हेच झालं होतं. वरच्या भागातलं वजा चिन्ह पांढरं झालं, आणि कॉन्ट्राफ्लेक्शरच्या शेवटच्या दोन ओळी सावलीत होत्या म्हणून त्यांच्या जागी काळ्या ठिपक्यांचा पट्टा आला.

मग कागदाचा उजेड वजा करून बघितला तर? उजेडात फरक २२ चा, सावलीत ११ चा. म्हणजे सावलीतलं अक्षर अर्ध्या ताकदीचं राहतं. भागून मात्र बघा: १९८ ÷ २२० = ०.९ आणि ९९ ÷ ११० = ०.९. दोन्हीकडे तोच आकडा! कारण कॅमेऱ्याला दिसतो तो पडलेला प्रकाश गुणिले कागदाची परावर्तन करण्याची क्षमता. सावली हा गुणक आहे, तो काढायचा तर भागाकारच हवा. आमच्या ईएनटीसीच्या रूममेटने एक शंका काढली की फोटोतले आकडे प्रकाशाच्या थेट प्रमाणात नसतात, त्यांच्यावर गॅमा लावलेला असतो. बरोबर आहे. पण गॅमा म्हणजे साधारण एक घातांक, आणि गुणाकाराचा घात घेतला तरी तो गुणाकारच राहतो. त्यामुळे आकडे बदलतात, पण उजेडात आणि सावलीत गुणोत्तर सारखंच येतं.

पान स्कॅन कसं करायचं

पहिला नियम असा की जे फोटोत आलंच नाही ते नंतर येत नाही. सावली इतकी गडद असेल की कागद ३० आणि पेन्सिल २७, तर तुमच्या हातात फक्त तीन पायऱ्या आहेत. भागून गुणोत्तर ०.९ च येईल, पण सेन्सरचे स्वतःचे चुकार ठिपकेही तेवढेच मोठे असतात आणि तेही पेन्सिलीबरोबर वर येतात. उलट फ्लॅश मारून कागद २५५ ला टेकला तर हलकी पेन्सिलही २५५ ला टेकते आणि संपते. म्हणून शक्य असेल तर मोबाइल सोडा आणि लायब्ररीतला फ्लॅटबेड स्कॅनर वापरा.

पेन्सिलीला फ्लॅटबेड मानवतो त्याला आणखी एक कारण आहे. ग्राफाइटचे पापुद्रे चपटे आणि चकचकीत असतात. दिवा आणि कॅमेरा आरशासारख्या कोनात आले की पेन्सिल काळी दिसायच्या ऐवजी चमकते, कधीकधी कागदाहूनही उजळ! त्या जागी अक्षर अर्धं काळं, अर्धं पांढरं येतं. स्कॅनरमध्ये प्रकाश तिरका पडतो आणि सेन्सर सरळ बघतो, त्यामुळे ती चमक बहुतेक टळते. मोबाइलच वापरायचा असेल तर डोक्यावरची ट्यूब टाळा, दिवसा खिडकीचा उजेड बाजूने घ्या आणि स्वतः उजेडाच्या आड येऊ नका.

स्कॅनरवर माझं सेटिंग असं होतं: रंगीत, ३०० डीपीआय, आणि सेव्ह करताना पीएनजी. ‘ऑटो करेक्ट’, ‘टेक्स्ट एन्हान्स’ वगैरे सगळं बंद. ३०० चा हिशोब सोपा आहे. पेन्सिलीची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड, म्हणजे ३०० डीपीआयला सुमारे ६ पिक्सेल. १०० डीपीआयला तीच रेघ २ पिक्सेल होते, आणि दशांश चिन्ह व कागदाचा रवा यात फरक उरत नाही. पान रंगीत का घ्यायचं ते पुढे येईलच, खरी गंमत तिथेच आहे.

अजून दोन गोष्टी. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. स्कॅनरचं झाकण पांढरं असतं, पातळ कागदातून पलीकडे गेलेला प्रकाश त्यावर आपटून परत येतो आणि मागच्या पानावरचं अक्षर समोर उमटतं. काळा कागद तो प्रकाश गिळतो. आणि वहीच्या शिवणीपाशी पान काचेपासून उचललं जातं, तिथे काळपट पट्टा येतो. हा पट्टा म्हणजे सावलीच, ती भागाकाराने जाईल. पण पातळ, हलक्या स्कॅनरमध्ये काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर गेलेलं अक्षर धूसरही होतं, आणि ती धूसरता कोणताही भागाकार काढत नाही. तिथे वही हलक्या हाताने दाबणं हाच उपाय. लायब्ररीतले काका ओरडतील इतकं दाबू नका!

निळ्या रेघेवरचं वजा

ताईंच्या पानावर 30 च्या मागचं चिन्ह बरोबर छापील निळ्या रेघेवर बसलं होतं. पानाचा ग्रे फोटो घेतला तर निळी रेघ आणि पेन्सिलीची रेघ दोन्ही राखाडीच दिसतात. पण रंगीत फोटोत प्रत्येक पिक्सेलचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. फिकी निळी शाई लाल प्रकाश शोषते आणि निळा परत पाठवते. म्हणजे निळ्या चॅनेलमध्ये ती रेघ जवळपास कागदाइतकीच उजळ दिसते, जणू पुसलीच! ग्राफाइट मात्र तिन्ही चॅनेलमध्ये सारखंच गडद असतं. म्हणून फक्त निळा चॅनेल उघडायचा: वहीच्या आडव्या रेघा जातात, पेन्सिल राहते. (मार्जिनची लाल रेघ याच कारणाने लाल चॅनेलमध्ये जाते.)

इथे पीएनजीचा आग्रह कळतो. जेपीईजीमध्ये सहसा रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा जाड्याभरड्या स्वरूपात साठवली जाते, त्यामुळे बारीक रेघेचा रंग आजूबाजूला पसरतो. मग निळ्या चॅनेलमध्ये रेघेचं भूत राहतं, आणि ते भूत म्हणजे वजा की काय असं वाटायला लागतं.

भागाकार प्रत्यक्षात

भागायला कोऱ्या कागदाचा उजेड हवा, पण कागदावर तर लिहिलेलं आहे. तो अंदाज असा काढतात: प्रत्येक जागी पेन्सिलीच्या रेघेपेक्षा मोठी खिडकी ठेवून तिच्यातल्या उजळ पिक्सेल्सनी रेघा बुजवायच्या, मग ते चित्र मऊ करायचं. उरते ती अक्षरं नसलेल्या पानाची नुसती सावली. ओपनसीव्हीमध्ये एवढंच:

```python
import cv2, numpy as np
img = cv2.imread("page.png")
b = img[:, :, 0]
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_ELLIPSE, (25, 25))
bg = cv2.morphologyEx(b, cv2.MORPH_CLOSE, k)
bg = cv2.medianBlur(bg, 51)
flat = cv2.divide(b, bg, scale=255)
out = np.clip((flat.astype(float) - 205) * 255 / 45, 0, 255)
cv2.imwrite("out.png", out.astype("uint8"))
```

तिसऱ्या ओळीतला शून्य म्हणजे निळा चॅनेल, कारण ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने ठेवतं. ज्यांना कोड नको त्यांनी जिंप उघडावं. लेयरची कॉपी करायची, वरच्या लेयरला अक्षरं पूर्ण विरघळतील इतका मोठा ब्लर द्यायचा आणि लेयर मोड `Divide` करायचा. खालचं चित्र वरच्याने भागलं जातं.

खिडकीचा आकार हीच इथली मेख आहे. माझी रेघ ६ पिक्सेलची, खिडकी २५ ची, म्हणून रेघ बुजते. खिडकी रेघेपेक्षा लहान ठेवली तर प्रोग्रॅम पेन्सिलीलाच सावली समजतो आणि भागून पांढरी करतो. गच्च भरलेल्या मोठ्या भागाचंही तसंच होतं. ताईंनी फिक्स्ड सपोर्ट पेन्सिलीने काळा भरला होता, तो मधोमध पांढरा होऊन नुसती चौकट उरली. उलट खिडकी फारच मोठी केली तर सावलीची तीक्ष्ण कड नीट पकडता येत नाही आणि कडेला गडद पट्टा राहतो. असा पट्टा किंवा पोकळ झालेली आकृती दिसली की समजायचं, खिडकी बदला.

भागाकारानंतर पान सगळीकडे सारखं पांढरट होतं, पण पेन्सिल अजून फिकीच असते, कारण ०.९ × २५५ म्हणजे सुमारे २३०. म्हणून शेवटच्या पायरीत २०५ ते २५० एवढाच पट्टा ओढून ० ते २५५ केला. २३० ची पेन्सिल आता १४२ होते, चांगली मध्यम राखाडी. हे फुकट मिळत नाही: कागदाच्या रव्याचा ३ चा चढउतारही १७ होतो. पान खरखरीत दिसायला लागतं. आणि ही पायरी भागाकाराच्या आधी कधीच करू नका. तसं केलं तर सावलीतला कागद २०५ च्या खाली असल्यामुळे अक्षरांसकट शून्यावर जातो आणि परत येत नाही.

इथेच थांबायचं. काळं-पांढरं करायचं नाही! राखाडी छटा म्हणजे ‘इथे बहुधा काहीतरी आहे’ असं कागद प्रामाणिकपणे सांगत असतो. काळं-पांढरं केलं की ‘बहुधा’ जाऊन ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच उरतं, आणि तो निर्णय तुम्ही घेतलेला नसतो.

आता वाचायचं

साफ झालेलं पान स्क्रीनवर आलं तेव्हा 30 च्या मागे रेघेविना एक आडवी पेन्सिल स्पष्ट उभी होती. पण त्याच पानावर नवीन घोळही दिसला. पहिल्या ओळीत $R_A$ ची किंमत 2.5 दिसत होती आणि पुढे एका जागी 31 आणि 25 यांच्या मधला ठिपका अगदीच फिका होता. पेन्सिल उठवली की धूळही उठते. ठिपका दशांश चिन्ह आहे की काचेवरचा कण?

यावर एक साधी युक्ती आहे. पान काचेवर १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करायचं. काचेवरची धूळ काचेवर त्याच जागी राहते, पानावरची खूण पानाबरोबर फिरते. 2 आणि 5 मधला ठिपका दुसऱ्या स्कॅनमध्ये तिथे नव्हता, म्हणजे तो काचेचा. 31 आणि 25 मधला फिका ठिपका पानाबरोबर फिरला, म्हणजे तो ताईंचा. (पानावरच चिकटलेला कण मात्र या युक्तीला फसवतो, हे लक्षात ठेवा.)

त्यानंतर दुसरा साक्षीदार म्हणजे खुद्द गणित. बीम AB 6 मीटरचा, B च्या पुढे C पर्यंत 2 मीटर ओव्हरहँग. AB वर 10 kN/m चा यूडीएल, C ला 15 kN. A भोवती मोमेंट घेतला:

$R_B = (10 × 6 × 3 + 15 × 8) / 6 = 50$ kN

एकूण लोड 75, म्हणून $R_A = 25$ kN. 2.5 घेतलं तर बेरीज 52.5 येते आणि बीम खाली पडतो. ठिपका धूळ होता, यावर शिक्कामोर्तब. शिअर शून्य होतो 25 ÷ 10 = 2.5 मीटरवर, आणि तिथला मोमेंट 25 × 2.5 − 5 × 2.5² = 31.25 kN·m. फिका ठिपका खरा. B वर उजवीकडून बघितलं तर $M_B = −15 × 2 = −30$ kN·m. वजा खरं. आणि मोमेंट अधिकवरून वजाकडे जातो म्हणजे मध्ये कुठेतरी शून्य होणारच: 25x − 5x² = 0, म्हणून x = 5 मीटर. माझ्या पीडीएफमध्ये काळा पट्टा झालेल्या त्या शेवटच्या दोन ओळीत ताईंनी हेच लिहिलं होतं, x = 5 m, खाली दोनदा रेघ मारून.

तुम्ही म्हणाल, गणित करून चिन्ह कळणारच होतं तर स्कॅनचा खटाटोप कशाला? सोडवता येत असेल तर नकोच! पण आम्ही सात जणींनी पान वाचलं होतं, सोडवलं नव्हतं. आणि गणितही कागदावरचे आकडे घेऊनच तपासायचं असतं. 15 kN चा 16 वाचला असता तर सगळा ताळा बरोबर जुळून चुकीचंच उत्तर आलं असतं. पान आकडे देतं, गणित त्यांना उलटतपासणी करतं, दोघं एकमेकांना सांभाळतात. त्या वजा चिन्हाची किंमतही लहान नाही. सपोर्टवर वजा मोमेंट म्हणजे ताण बीमच्या वरच्या बाजूला. आरसीसी बीम असता तर मुख्य सळया तिथे वर टाकायच्या असतात. आम्ही सातही जणींनी त्या खाली टाकल्या असत्या.

मी मूळ वही, दोन्ही स्कॅन आणि साफ केलेलं पान घेऊन सरांकडे गेले. सरांनी आधी वही उजेडात धरली, मग स्क्रीन बघितला आणि मग परत वही. "मार्क मिळणार नाहीत," ते म्हणाले. मग लाल पेनने सातही पेपरांवरचा ‘कॉपी’ हा शेरा खोडला आणि शेजारी सही केली.

जुनी पीडीएफ मी ग्रुपवरून काढून टाकली आणि नवीन राखाडी, खरखरीत पान टाकलं. मैत्रिणी म्हणाल्या, आधीचं जास्त स्वच्छ दिसत होतं. दिसत होतं, खरंय!